डोळे मिटून रिंगण, कान नसताना कीर्तन

दिंडीची पायी वारी २०२० साली चुकली. कोरोनामुळे त्या आषाढीला पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण सगळे घरीच राहिलो. मग दिंडीतल्या पोरांनी मागल्या वर्षांच्या चित्रफिती जुळवून मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. हा लेख त्या चित्रफितींचा आहे, आणि त्या ज्यांच्यापर्यंत पोचूनही पोचल्या नव्हत्या त्यांचाही.

पहिली पाठवली ती खुडूस फाट्याच्या गोल रिंगणाची. आपल्या दिंडीतले एक जुने टाळकरी, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांची नजर कधीच गेलेली. वारीत ते पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत आणि शेजारचा माउली त्यांना सांगत राही, "नाना, आता पताकावाले धावले. आता तुळशीवाल्या माया निघाल्या." चित्रफीत ऐकून नानांनी विचारलं, "एवढी आरोळी कशाची उठली रे?" आमच्या लक्षात आलं, की खांद्याशी बोलणारा माणूस घरी राहून गेलाय.

तेव्हा आम्ही सगळं दृश्य बोलून घातलं. पहिला प्रयत्न पार फसला. बोलणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत राहिला आणि नामाचा गजर त्याखाली बुडाला. नाना म्हणाले, "नामावर बोलू नका. मोकळी जागा बघा, तिथं बोला." त्या एका वाक्यावर पुढचं सगळं काम झालं.

आता पद्धत अशी आहे. आधी एकजण डोळे मिटून चित्रफीत ऐकतो आणि कुठं काय कळलं नाही ते लिहितो. मग गजराच्या दोन आवर्तनांमधली, वाद्यांची मोकळी जागा घड्याळावर मोजायची. सावकाश बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. पाच सेकंदांची जागा असेल तर नऊ-दहा शब्द, जास्त नाही. म्हणून रिंगणात एवढंच सांगितलं: "स्वाराचा अश्व पुढे. मागून माउलींचा अश्व, पाठीवर कोणी नाही." पुढचं वाक्य तीनच शब्दांचं, "माउलींच्या अश्वानं गाठलं!" पण ते आरोळी उठायच्या क्षणभर आधी यायला हवं. नंतर आलं तर आरोळीत विरून जातं. बोलताना मागचा आवाज थोडा खाली घेतो, बंद करत नाही. आणि "काय तो भक्तीचा महापूर" असलं काही बोलत नाही. डोळ्याला दिसतं तेवढंच सांगायचं, भाव ऐकणाऱ्याचा त्याचा असतो.

कीर्तनाच्या चित्रफितींची अडचण उलटी. दिंडीतल्या एका काकूंना उतारवयात ऐकू येईनासं झालं. त्यांना वाचता येतं, म्हणून खाली अक्षरं घालायची ठरलं. मोबाईल आपोआप अक्षरं उमटवतो, ती आधी वापरून पाहिली. निरूपण बऱ्यापैकी उतरलं, पण मृदंग वाजू लागला की अभंगाचे शब्द भलतेच होत आणि संतांची नावंही बिघडत. मग छापील गाथा पुढ्यात घेऊन हाताने लिहिलं. तरी गाथेतून जसंच्या तसं उतरवून भागत नाही. पाठभेद असतात आणि महाराज जे गातात तेच खाली दिसायला हवं.

ओळ तोडायची ती चरणावर, पडदा संपला म्हणून नाही. एका वेळी दोनच ओळी ठेवायच्या. कोण बोलतंय ते लिहायचं, महाराज की टाळकरी. शब्दांखेरीज जे कानाला कळतं तेही लिहायचं: "मृदंगाची लय वाढते", "श्रोते हसतात". पहिल्या वेळी आम्ही हे गाळलं, तर काकूंनी विचारलं, "सगळे एकदम उठून का नाचायला लागले?"

दर्शनाच्या चित्रफितीत आणखी एक चूक झाली. अक्षरं नेहमीप्रमाणे तळाला होती आणि नेमके पांडुरंगाचे चरण झाकले गेले. आता तिथं अक्षरं बाजूला घेतो. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या प्रतीत अक्षरं चित्रातच पक्की करावी लागतात, कारण वेगळी फाईल चित्राबरोबर जात नाही. यूट्यूबवर मात्र ती वेगळी ठेवता येते, ज्याला हवी तो लावतो. वर्णनाची तर स्वतंत्र दुसरी प्रतच करतो.

यातून सगळ्यांचं भागत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि वाचायला न शिकलेल्या माणसाला ही अक्षरं उपयोगाची नाहीत. त्याला हातांच्या खुणांची भाषा जाणणारा माणूस चित्रात उभा करावा लागेल. ते आपल्याकडून अजून झालेलं नाही, पुढच्या वाटचालीत करायचं आहे.

रिंगणाची दुसरी प्रत नानांनी ऐकली तेव्हा "माउलींच्या अश्वानं गाठलं" या शब्दांवर त्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला टेकवला. अश्वाच्या टापांखालची माती रिंगणात आपण अशीच लावतो.

रामकृष्ण हरी.