टार्गेट ७५ टक्के, तरी सेल्समन पहिला : विक्रीचा हिशेब नेमका कसा मांडायचा?

महिना संपला की वितरकाच्या ऑफिसात एकच कागद फिरतो. सेल्समनचं नाव, टार्गेट, झालेली विक्री आणि टक्केवारी. ज्याचे १०० च्या वर गेले त्याला इन्सेंटिव्ह, ज्याचे ८० च्या खाली राहिले त्याला बोलणी. हिशेब सोपा आहे, पण चुकीचा माणूस शाबासकी घेऊन जातो तो इथेच. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट असा किराणा दुकानात जाणारा माल विकणाऱ्या एका वितरकाचं उदाहरण घेऊन ते पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा बेळगावच्या या वितरकाकडे तीन सेल्समन आहेत. एक शहरातली बाजारपेठ बघतो, दुसरा खानापूर-जांबोटी-कणकुंबी ही बीट करतो आणि तिसऱ्याकडे निपाणी आहे. जुलैचं टार्गेट शहराला १२ लाख, खानापूरला ६ लाख आणि निपाणीला ९ लाख. विक्री झाली शहरात ११.४० लाख, खानापुरात ४.५० लाख आणि निपाणीत ९.४५ लाख. म्हणजे शहर ९५ टक्के, खानापूर ७५ आणि निपाणी १०५. कागदावर निपाणीचा गडी पहिला, खानापूरचा शेवटचा.

आता पहिला प्रश्न टार्गेटलाच विचारायचा, ते आलं कुठून? बऱ्याच ठिकाणी वर्षाचा आकडा घेतात आणि सरळ बारा महिन्यांत वाटून टाकतात. तसं केलं की खानापूरला मार्चमध्येही ६ लाख आणि जुलैतही ६ लाख. जुलैत कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. पंचवीस दिवसांतले पाच दिवस टेम्पो गावात जातच नसेल, तर त्या टार्गेटला अर्थ काय? म्हणून तुलना त्याच बीटच्या मागच्या जुलैशी करायची. मागच्या जुलैत शहरात ११.४० लाख, खानापुरात ४ लाख आणि निपाणीत ८.४० लाख विक्री झाली होती असं धरू. खानापूरची वाढ साडेबारा टक्के निघते, निपाणीचीही तेवढीच, आणि शहर जागच्या जागी.

म्हणजे निपाणी अजूनही वरच? इथे बिलं उघडून तारखा बघाव्या लागतात. निपाणीच्या विक्रीतलं दीड लाखाचं एकच बिल ३० तारखेला एका होलसेलरच्या नावावर फाडलेलं आहे, तेही उधारीवर. हा उठाव नव्हे, माल फक्त एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेला. ऑगस्टमध्ये हाच होलसेलर ऑर्डर देणार नाही किंवा माल परत पाठवेल. ‘८० टक्क्यांखाली इन्सेंटिव्ह नाही, १०० च्या वर दुप्पट’ असा नियम जिथे असतो, तिथे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत अशी बिलं हमखास दिसतात. ते बिल बाजूला काढलं तर निपाणी ७.९५ लाखांवर येते, मागच्या जुलैपेक्षा कमी. आणि तिन्ही बीटची बेरीज मागच्या वर्षीच्या २३.८० लाखांसमोर यंदा २३.८५ लाख भरते. म्हणजे बाजार एकूण वाढलेला नाही. अशा बाजारात प्रत्येक बीटकडून मागच्या जुलैएवढीच अपेक्षा ठेवणं रास्त. त्या मापाने शहर १००, निपाणी साधारण ९५ आणि खानापूर ११२ टक्के. यादी उलटी झाली.

दुसरं माप कन्व्हर्जनचं. सेल्समनने किती दुकानांना भेट दिली आणि त्यातल्या किती भेटींत बिल झालं, हे ते प्रमाण. या धंद्यात याला टोटल कॉल आणि प्रॉडक्टिव्ह कॉल म्हणतात. शहरवाल्याच्या १००० भेटींत ५५० बिलं झाली, म्हणजे ५५ टक्के. खानापूरवाल्याच्या ४४० भेटींत २८६, म्हणजे ६५ टक्के. निपाणीत ८७५ भेटींत ३५०, म्हणजे ४०.

पण घाई नको. इथेही भागाचा फरक आत शिरलेला असतो. खेड्यातल्या दुकानात आठवड्यातून एकदाच गाडी येते, त्यामुळे दुकानदार आलेल्या गाडीतून काही ना काही उतरवून घेतोच. शहरातल्या दुकानदाराला गल्लीच्या टोकाला होलसेलर आहे. निपाणीची अडचण आणखी वेगळी, कोल्हापूरचा बाजार हाकेच्या अंतरावर. तिकडच्या होलसेलरने आपली स्कीम दुकानदाराशी वाटून घेतली आणि पेटीमागे चार पैसे कमी लावले, तर माल सीमेपलीकडून येतो आणि इकडच्या सेल्समनला ‘आज काही नको’ ऐकावं लागतं. म्हणून ४० टक्के बघून त्याला आळशी ठरवता येत नाही. मागच्या जुलैत निपाणीत ४२ टक्के होते तर माणूस जवळपास तेवढंच काम करतोय. त्याची चूक एवढीच की अडचण सांगायच्या ऐवजी त्याने होलसेलरच्या बिलाने ती झाकली.

काळजी करायची ती शहराची. मागच्या जुलैत तिथे ६० टक्के होते, आता ५५. विक्री तेवढीच, बिलं कमी, म्हणजे मोजकी दुकानं जास्त माल घेत आहेत आणि बाकीची हातातून सुटत आहेत. दोष बाजाराचा की माणसाचा, हे ऑफिसात बसून कळत नाही. सुपरवायझरने सुटलेल्या दहा दुकानांत जाऊन रॅक बघावी. स्पर्धक कंपन्यांचा मालही पडून असेल, तर मागणीच मंदावलीय. त्यांचा माल ताजा असेल आणि फक्त आपलीच जागा रिकामी असेल, तर भेटी नीट होत नाहीत.

कन्व्हर्जनचा आकडाही फुगवता येतो. न घेणारी दुकानं यादीतून काढली की टक्केवारी आपोआप चढते. दोन पाकिटांचं बिल केलं तरी कॉल प्रॉडक्टिव्ह धरला जातो. म्हणून सोबत यादीतली दुकानं किती आणि दर बिलामागे रक्कम किती, एवढं तरी बघावं. खानापूरवाल्याचं सरासरी बिल साधारण १५७० रुपयांचं आहे, शहरवाल्याचं २०७० च्या आसपास. छोट्या दुकानांचा भाग असल्याने हा फरक ठीक वाटतो. तेच ५०० वर आलं असतं, तर विचारावं लागलं असतं.

मागच्या वर्षाशी तुलना करण्यातही खोट आहे. मागे कामचुकार सेल्समन असेल, तर नव्याला आयतं मैदान मिळतं. मागे कुणी जीव तोडून काम केलं असेल, तर यंदा त्याच्याच डोक्यावर मोठं टार्गेट बसतं. माणूस बदललेल्या बीटला म्हणूनच मागच्या विक्रीपेक्षा दुकानांची संख्या आणि शेजारच्या बीटची वाढ हे जास्त खरं माप आहे.

कधी कधी तर महिनाच मोजण्यालायक नसतो. २०२५ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १८ वरून ५ टक्के झाला. माल स्वस्त होणार हे आधीच कळल्यावर जुन्या दराने साठा करायला कोण तयार होणार? त्या सप्टेंबरची टक्केवारी एकटी धरून कुणाचा इन्सेंटिव्ह कापला असेल, तर तो सरकारी तारखेचा दंड त्या माणसाने भरला. सप्टेंबर-ऑक्टोबरची बेरीज एकत्र धरून, आदल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांसमोर पेट्यांच्या संख्येत मोजली तरच काही कळतं. रुपयांत मोजली तर कमी झालेला दरच विक्री कमी दाखवतो.