आचार्य आणि काकाजी : दोन नावांची झुंज

जुन्या नाटकाचे पुस्तक हाती आले की मी प्रस्तावना सोडून आधी पात्रांची यादी वाचतो. नाटककाराने लपवून ठेवलेले बरेच काही त्या एका पानावर उघडे पडलेले असते. पु. ल. देशपांडे यांचे ‘तुझे आहे तुजपाशी’ १९५७ साली आले. त्याच्या यादीत दोन प्रतिस्पर्धी आहेत : आचार्य आणि काकाजी. एकही संवाद वाचण्याआधी कोणाही मराठी माणसाला कळते की यातला पहिला घड्याळ आणि पथ्य सांभाळणार आणि दुसऱ्याला किती वाजले याचे सोयरसुतक नसणार. हे केवळ नावावरून कसे कळते, याचा माग काढण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडे मागे जायला हवे. इंग्रजी प्रहसनकार पात्राच्या आडनावातच त्याचा स्वभाव लिहून टाकत असत. आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या ‘ऑल इन द राँग’ या नाटकातल्या संशयी नवऱ्याचे नाव सर जॉन रेस्टलेस, म्हणजे सरळसरळ ‘अस्वस्थ’. हे कथानक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणले. १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ म्हणून आणि पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून. देवलांनी त्या नावाचे भाषांतर केले नाही. ‘अस्वस्थराव’ हे नाव मराठी कानाला पहिल्याच प्रवेशात खोटे वाटले असते. त्यांनी पंचांग उघडले. संशयाने पछाडलेला तो फाल्गुनराव, म्हणजे शिमग्याच्या महिन्याचा, बोंबाबोंब करणारा. रसिक, दिलखुलास तो अश्विनशेठ, म्हणजे कोजागिरीच्या चांदण्याचा. अश्विनशेठचे प्रेम रेवतीवर, आणि नक्षत्रांच्या क्रमात रेवती संपली की लगेच अश्विनी लागते. फाल्गुनरावाची बायको मात्र कृत्तिका, आणि ती पडली कार्तिकाची! देवलांनी हे सारे जुळवून केले की सहज झाले, याचा निकाल ज्याने त्याने लावावा. मला पहिलेच खरे वाटते.

म्हणजे मराठी विनोदी नाटकात स्वभाव सांगायला विशेषण लागत नाही, संकेत पुरतो. पुलंनी हीच वाट धरली. फरक एवढाच की त्यांनी पंचांगाऐवजी आपल्या काळातले संबोधन निवडले.

‘आचार्य’ या शब्दात मुळातच आचार आहे, वागण्याचे नियम आहेत. पण १९५७ च्या प्रेक्षकाला तो शब्द संस्कृत कोशातून ठाऊक नव्हता. असहकाराच्या काळात सरकारी कॉलेजांना पर्याय म्हणून राष्ट्रीय विद्यापीठे निघाली आणि तिथल्या प्रमुखाला प्रिन्सिपॉल न म्हणता आचार्य म्हणू लागले. कृपलानींना ही उपाधी मिळाली ती अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठामुळे. आपल्याकडे आचार्य भागवत, आचार्य जावडेकर झाले. विनोबा तर आचार्यच. १९५१ मध्ये पोचमपल्लीहून भूदानाची पदयात्रा सुरू झाल्यावर ही उपाधी गावोगाव पोहोचली. विद्यालयातल्या पदाची अशी हळूहळू एका जीवनपद्धतीची खूण झाली. खादी, सूतकताई, मिताहार, पहाटेची प्रार्थना हे सगळे त्या तीन अक्षरांत मावू लागले. (आचार्य अत्रे हा या यादीतला खट्याळ अपवाद. त्यांनीच १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’मध्ये सर्व रोगांवर सूर्यनमस्काराचा उतारा सांगणारे रावबहादूर उभे केले होते. तिथेही माणसाचे नाव मागे आणि किताब पुढे.)

पुलंच्या आचार्यांचे पुरते नाव आचार्य पोफळे गुरुजी. हे नाव सावकाश म्हणून पाहा. पुढे आचार्य, मागे गुरुजी. दोन्हींचा अर्थ शिकवणारा. एकाच अर्थाचे दोन पहारेकरी उभे आणि मध्ये आडनाव चेंगरलेले. अतिकाटेकोर माणूस एका गाठीवर दुसरी मारतो, तसेच हे. आणि आडनाव तरी कोणते? पोफळीचे झाड सरळसोट, त्याला फांदी नाही, सावली नावाला, फळ कठीण. शिवाय ‘पोफळे’मधले एकच अक्षर बदलले की ‘पोकळे’ होते. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला कदाचित तेच ऐकू येत असेल.

समोर काकाजी. हे पद नव्हे, नाते आहे. नात्याचा नसलेलाही त्यांना काकाजीच म्हणतो. मागचा ‘जी’ माळव्याचा; पुण्यात काका झाले असते. आडनाव देवासकर. देवास इंदूरजवळचे, पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने तिथे शेजारी नांदत होती. १९४८ मध्ये ती होळकरांच्या इंदूरसह मध्य भारतात विलीन झाली. ही तारीख लक्षात घेतली की काकाजींच्या बेफिकिरीचा अर्थ बदलतो. गेलेल्या दरबाराची ती शिल्लक आहे. शिकार, मैफल आणि हिंदी-उर्दू मिसळलेली मराठी एवढेच हातात उरलेल्या माणसाने हिशेब ठेवायचा तरी कशाचा?

आमच्या आकुर्डीत कारखान्यातल्या काही हौशी मंडळींनी या नाटकाचे वाचन ठेवले होते. मी कोपऱ्यात बसून होतो. पहिल्या शिफ्टहून आलेल्या एका फिटरला आचार्यांची भूमिका मिळाली. त्याने नाटक पूर्वी पाहिलेले नव्हते. नाव वाचले आणि तो ताठ बसला, सदऱ्याचे वरचे बटण लावले. काकाजी वाट्याला आलेल्या गृहस्थांनी पाठ भिंतीला टेकली आणि पाय पसरले. दिग्दर्शकाने अजून तोंडही उघडले नव्हते.

पण नावाने दिलेली माहिती इथे संपते, आणि खरे नाटक त्यापुढे सुरू होते. मराठीत ‘काटेकोर’ आणि ‘चोखंदळ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. आचार्य काटेकोर आहेत. काय टाळावे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. चोखंदळ आहेत ते काकाजी. गाणे, शेर, गप्पांची सोबत यांत त्यांना हिणकस चालत नाही. वेळापत्रकाबाबत निष्काळजी असलेला माणूस चवीबाबत विलक्षण दक्ष निघतो, आणि नियमांचा पक्का माणूस आपल्याला नेमके काय हवे होते याबाबत बेसावध. दाजी भाटवडेकरांनी काकाजी उभे केले ते याच जाणत्या ऐटीत, असे ज्यांनी पाहिले ते सांगतात.

याच यादीत आणखी एक खोडी आहे. आचार्यांच्या छत्राखालच्या मुलीचे नाव गीता, आणि तिच्या ओढीने आचार्यांचा शिष्य बनणारा काकाजींचा पुतण्या श्याम. गीतेवर प्रवचन कोणीही करावे. पण ती मुळात सांगितली कोणी, हे मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

पुलंनी आचार्यांना फार सोपे सावज केले, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. पहिल्या दोन अंकांत त्यांच्यावरचे हशे स्वस्त आहेत. ज्या पिढीने उपाधीबरोबर तुरुंगही भोगला, तिचा तिथे मागमूस नाही. शेवटच्या अंकात मात्र आचार्य काकाजींजवळ मन मोकळे करतात, कोरडे गेलेले आयुष्य बोलून दाखवतात. त्या क्षणी त्यांना हाक मारायची तर कोणत्या नावाने? काकाजींना घरातले कोणीही कधीही हाक मारू शकते. आचार्यांचे पाळण्यातले नाव मात्र प्रेक्षकाच्या कानी राहिलेले नसते, आणि रंगमंचावरही ते उच्चारायला जवळचे असे कोणी उरलेले नसते.