मालिकेतले गाणे : परवाना आणि ओळख

मालिकेच्या एखाद्या प्रसंगाखाली वाजणारे, पण त्या मालिकेसाठी न रचलेले, आधीच ध्वनिमुद्रित झालेले आणि हक्कधारकांची रीतसर परवानगी घेऊन वापरलेले गाणे म्हणजे परवानागीत. संगीतकाराने त्या भागासाठी खास बांधलेले पार्श्वसंगीत यात मोडत नाही. अमेरिकी आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीत २००० नंतरच्या दशकात या गाण्यांचा वापर फार वाढला. त्याबरोबर एक नेहमीचा प्रश्नही आला : प्रसंग लख्ख आठवतो, गाण्याचे नाव मात्र कळलेलेच नसते. सांगितलेल्या प्रसंगावरून नेमके ध्वनिमुद्रण शोधायचे, तर आधी परवान्याचा व्यवहार समजून घ्यावा लागतो, कारण एकाच गाण्याची निरनिराळी रूपे पडद्यावर का येतात याचे उत्तर बरेचदा तिथेच सापडते.

एका गाण्यात दोन हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांचा असतो आणि त्यांच्या वतीने तो प्रकाशनसंस्था सांभाळते. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. गाणे चित्राशी जोडायला पहिल्या हक्कासाठी ‘सिंक’ परवाना लागतो आणि दुसऱ्यासाठी ‘मास्टर’ परवाना. दोघांपैकी एकाने नकार दिला तरी गाणे गळते. दोघांनाही सारखीच रक्कम मिळावी, अशी अट अनेक करारांत असते, त्यामुळे एकाने दर वाढवला की दुसऱ्याचाही आपोआप वाढतो. ही बोलणी करण्याचे काम म्युझिक सुपरवायझरचे. दिग्दर्शक आणि संकलकाबरोबर बसून कोणत्या प्रसंगाला गाणे हवे हे ठरवणे, पर्याय सुचवणे आणि मंजुरी आणणे या तिन्ही गोष्टी त्यानेच करायच्या असतात.

दुसऱ्या कलाकाराने तेच गाणे नव्याने गायले, तर मूळ रेकॉर्ड कंपनीकडे जावे लागत नाही. शब्द-चालीचा परवाना मात्र तरीही लागतोच.

याचे उत्तम उदाहरण ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या मालिकेत सापडते. शोंडा राइम्स यांची ही रुग्णालयातली कथा २००५ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिच्या गाण्यांची निवड अलेक्झांड्रा पॅट्सावस यांच्याकडे होती. ‘द ओ.सी.’ या मालिकेतही हे काम त्यांनीच केले होते. ‘चेसिंग कार्स’ हे स्नो पेट्रोल या बँडचे गाणे ‘ग्रेज’मध्ये तीन ठळक प्रसंगी येते आणि तिन्ही वेळा ध्वनिमुद्रण वेगळे आहे. नुसते गाण्याचे नाव सांगितले तर ओळख अर्धीच होते.

पहिला प्रसंग दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागातला आहे. तो १५ मे २००६ रोजी दाखवला गेला. रुग्णालयात शाळकरी मुलांसारखा नृत्यसमारंभ भरवलेला असतो. त्यासाठी गुलाबी पायघोळ झगा घालून आलेली डॉक्टर इझी स्टीव्हन्स आपला प्रियकर आणि रुग्ण डेनी याच्या मृतदेहाला बिलगून खाटेवर पडून राहते, आणि तिला तिथून कसे उठवावे हे सहकाऱ्यांना सुचत नाही. इथे स्नो पेट्रोलचे मूळ ध्वनिमुद्रण वाजते. त्यांचा ‘आइज ओपन’ हा अल्बम अमेरिकेत नुकताच, त्याच महिन्यात आला होता. मालिकेने हे गाणे तिथल्या घराघरांत पोहोचवले आणि पुढे ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले.

दुसरा प्रसंग २०११ च्या सातव्या पर्वातला, ‘साँग बिनीथ द साँग’ या भागातला. कॅली टोरेस अपघातात जबर जखमी झाली आहे, डॉक्टर तिच्यावर उपचार करत आहेत आणि पात्रेच गाऊ लागतात. इथला आवाज कॅलीची भूमिका करणाऱ्या सारा रामिरेझ यांचा आणि सहकलाकारांचा आहे. तिसरा प्रसंग २३ एप्रिल २०१५ रोजी प्रसारित झालेल्या अकराव्या पर्वातल्या भागात येतो. डेरेक शेफर्डचे व्हेंटिलेटर बंद केले जाते, पत्नी मेरेडिथ शेजारी असते आणि त्यांच्या सहजीवनातले जुने क्षण पडद्यावर तरळतात. इथे स्लीपिंग ॲट लास्ट या नावाने गाणाऱ्या रायन ओनील यांची संथ, हळुवार आवृत्ती आहे. मूळ गाणे शेवटाकडे गिटार आणि ड्रमच्या भराने उसळत जाते, तो गजर या आवृत्तीत नाही.

आता कुणी एवढेच सांगितले : ‘रुग्णालयाची खाट, प्रिय माणसाचा मृत्यू, शेजारी रडणारी बाई, पुरुषाचा हळवा आवाज.’ हे वर्णन पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही प्रसंगांना लागू पडते. अशा वेळी गाण्याबद्दल खोदून विचारण्यापेक्षा चित्राबद्दल विचारावे. बाईच्या अंगावर कोणते कपडे होते? मेलेला माणूस रुग्ण होता की नवरा? मधूनमधून जुनी दृश्ये येत होती का? झगा म्हटले की २००६, जुनी दृश्ये म्हटली की २०१५. वेष, जागा आणि कृती या गोष्टी प्रेक्षकाच्या लक्षात पक्क्या राहतात. गाणे भागाच्या अगदी शेवटी होते की मध्यावर, गायक होता की गायिका, यावर मात्र फारसे विसंबू नये. लोक या बाबी पूर्ण खात्रीने सांगतात आणि त्या चुकीच्या निघतात.

‘ग्रेज’मध्ये आणखी एक फसवी वाट आहे. तिच्या भागांची नावे प्रसिद्ध गाण्यांवरून ठेवलेली असतात. इझीच्या प्रसंगाच्या भागाचे नाव ‘लूझिंग माय रिलिजन’ हे आर.ई.एम. बँडच्या गाण्याचे, तर डेरेकच्या मृत्यूच्या भागाचे नाव ‘हाऊ टू सेव्ह अ लाइफ’ हे द फ्रे या बँडच्या गाण्याचे. भागाचे शीर्षक वाचून त्यालाच उत्तर समजणारा इथे हमखास चुकतो. शीर्षकासाठी सिंक परवाना लागत नाही, कारण गाण्याचे नाव वापरणे आणि गाणे वाजवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रसंग सापडल्यावर भाग पुन्हा लावून ओळख पडताळता येते. त्यासाठी सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे शाझामसारखे ॲप. ते गाण्याच्या ध्वनीतले ठळक कंप-बिंदू टिपते, त्यांच्या जोड्यांमधले अंतर मोजते आणि साठवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहते. गोंगाटातही हे बऱ्यापैकी चालते. पण जुळते ते विशिष्ट ध्वनिमुद्रणच, चाल नव्हे. म्हणून २०१५ ची आवृत्ती ऐकवून ॲपने स्लीपिंग ॲट लास्टचे नाव दिले, तर ते उत्तर बरोबर आहे. याउलट पात्राने पडद्यावर गुणगुणलेले, कधीच स्वतंत्रपणे प्रकाशित न झालेले गाणे या पद्धतीने सापडणार नाही. संवाद आड येत असतील, तर ५.१ ध्वनीच्या प्रतीत मधली वाहिनी बंद करून पाहावे. संवाद मुख्यतः तिथे असतात आणि संगीत बरेचसे डाव्या-उजव्या बाजूला, त्यामुळे गाणे मोकळे ऐकू येते. गतीचाही फरक पडतो. सेकंदाला २४ चौकटींचे चित्रीकरण पूर्वी पॅल पद्धतीच्या प्रसारणात २५ ने दाखवत. त्यामुळे सगळेच सुमारे चार टक्के वेगाने धावे आणि सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी चढे. अशा जुन्या मुद्रित प्रतीवर ॲप गप्प बसले, तर गाणे अप्रसिद्ध आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये.

शब्द कानावर आले असतील, तर बहिऱ्या प्रेक्षकांसाठी केलेली उपशीर्षके लावून पाहावीत. त्यांत गाण्याचे बोल आणि काही वेळा गाण्याचे नावही दिलेले असते. शोधताना मुखड्यातली सर्वसामान्य ओळ घेऊ नये. अंतऱ्यातले सलग सहा-सात शब्द घ्यावेत, त्यातही एखादे गावाचे किंवा वस्तूचे नाव असेल तर उत्तमच.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे क्यू शीट. प्रत्येक भागाबरोबर निर्माता ही यादी स्वामित्वधन वसूल करणाऱ्या संस्थांना देतो. तीत भागात वाजलेल्या प्रत्येक तुकड्याचे नाव, रचनाकार, प्रकाशक, कालावधी आणि वापराचा प्रकार लिहिलेला असतो : पार्श्वभूमीला वाजले, पडद्यावर कुणी गायले की शीर्षकगीत म्हणून आले. ही यादी सहसा लोकांपुढे ठेवली जात नाही. अमेरिकेतल्या ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्थांच्या रचनासूची मात्र कुणालाही चाळता येतात. त्यांचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. त्या सूची रचनेच्या आहेत, ध्वनिमुद्रणाच्या नाहीत. तिथे ‘चेसिंग कार्स’ची नोंद सापडेल, पण २०१५ च्या प्रसंगात नेमका कोणाचा आवाज होता याचा निर्णय तेवढ्यावरून होणार नाही.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो परवान्याची मुदत आणि माध्यम बदलल्यावर. जुने करार अनेकदा ठराविक वर्षांसाठी आणि फक्त दूरचित्रवाणीसाठी केलेले असत. डीव्हीडी आणि पुढे स्ट्रीमिंग आले, तेव्हा प्रत्येक गाण्यासाठी नव्याने पैसे मोजणे भाग पडले आणि ते परवडले नाही तिथे गाणी बदलली गेली. एमटीव्हीची ‘डारिया’ (१९९७-२००२) ही व्यंगचित्र-मालिका त्या काळातल्या लोकप्रिय गाण्यांनी भरलेली होती. २०१० मध्ये तिचा डीव्हीडी संच आला, तेव्हा त्यातली बहुतेक सगळी परवानागीते काढून दुसरे संगीत घातलेले होते. ‘डॉसन्स क्रीक’चे पॉला कोल यांचे शीर्षकगीत काही प्रतींमध्ये जान आर्डन यांच्या ‘रन लाइक मॅड’ने बदलले गेले. अशा वेळी प्रेक्षकाने प्रसारणाच्या दिवशी ऐकलेले गाणे आणि आज तोच भाग लावल्यावर वाजणारे गाणे वेगळे निघते. प्रेक्षकाची आठवण खोटी नसते. त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याने भाग कोणत्या वर्षी आणि कशावर पाहिला, हे विचारायला हवे. ‘डारिया’बाबत तर मूळ प्रसारणाचे जुने मुद्रण हाती आल्याशिवाय खात्रीने काही सांगता येत नाही.

भारतात हा व्यवहार बराचसा एकाच दारात उरकतो. चित्रपटगीतांचे शब्द-चाल आणि ध्वनिमुद्रण हे दोन्ही हक्क बहुतेक वेळा संगीत कंपनीकडेच एकवटलेले असतात. एखाद्या मराठी वेबमालिकेला एचएमव्हीच्या तबकडीवरचे जुने गाणे हवे असेल, तर पहिला निरोप सारेगामाकडे जातो, कारण एचएमव्हीचा वारसा त्या कंपनीकडे आहे. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या कायदेदुरुस्तीने बळकट झाला आणि ती रक्कम आयपीआरएस ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था गोळा करते. ओळखीच्या कामात इथली खरी अडचण रीमेकची आहे. प्रसंगात मूळ गायकाचा आवाज होता की नव्याने गाऊन घेतलेला, हे कानांनीच ठरवावे लागते. श्रेयनामावलीत फक्त गाण्याचे आणि चित्रपटाचे नाव असेल, तर त्यावर भिस्त ठेवू नये.

ओळखलेल्या गाण्याची नोंद करताना गाणे, गायक वा बँड आणि आवृत्ती यांबरोबर पर्व, भाग, मिनिट आणि भाग कोणत्या प्रतीत पाहिला हेही लिहावे. यातली प्रतीची माहिती लोक सर्वांत जास्त गाळतात, आणि त्याच नोंदीवर पुढच्या शोधकाचे काम अडते.