फोन आला, बिल कुणाला?

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

समजा, साताऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी बायकोला फोन लावतात. ती सहा आठवड्यांसाठी जर्मनीत, म्युनिकला मुलीकडे गेली आहे. निघण्याआधी तिने आपल्या मोबाइलवर रोमिंग सुरू करून घेतलेले आहे. नंबर नेहमीचाच, दहा आकडी. फरक जाणवलाच तर एवढाच, की आपल्याकडे जोडीजोडीने वाजणारी रिंग कानात लांबलचक एकेरी येते. दोघे वीस मिनिटे बोलतात. साताऱ्याच्या फोनला देशातल्या देशातला कॉल लागू होतो. मोठे बिल येते ते बायकोच्या नंबरवर. आणि तिने तर स्वतः एकही फोन लावलेला नसतो!

फोन करणाऱ्याने पैसे द्यावेत हा साधा व्यवहार. मग परदेशी गेल्यावर तो उलटा का होतो? याचे उत्तर कंपन्यांच्या लोभात काही प्रमाणात आहे, पण मुळात ते फोन कसा प्रवास करतो यात आहे.

आपल्याकडे हा उलटा व्यवहार एके काळी घरातही होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल सेवा सुरू झाली. तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. म्हणून लोक पडद्यावर नंबर पाहून फोन कापत आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करत. १ मे २००३ पासून नवी व्यवस्था आली, फोन करणाऱ्याच्या कंपनीने घेणाऱ्याच्या कंपनीला पैसे द्यायचे ठरले आणि इनकमिंग फुकट झाले. देशाच्या सीमेबाहेर मात्र जुनाच नियम चालू राहिला.

त्याचे कारण असे. तुमचा नंबर परदेशी जात नाही, तो तुमच्या कंपनीच्या नोंदवहीत घरीच राहतो. म्युनिकच्या विमानतळावर मोबाइल सुरू झाला की तिथली कंपनी भारतातल्या कंपनीला कळवते, की तुमचे गिऱ्हाईक आमच्याकडे आले आहे. ही दोन कंपन्यांमधली देवघेव अर्थात कराराने चालते. असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला.

आता साताऱ्याहून फोन लागतो. तो आधी भारतातल्या कंपनीकडे जातो. ती नोंदवही पाहते, बाई म्युनिकला आहेत हे तिला कळते. ती जर्मन कंपनीकडून एक तात्पुरता नंबर मागून घेते आणि फोन तिकडे पाठवते. म्हणजे एका फोनचे दोन टप्पे झाले. पहिला सातारा ते भारतातली कंपनी, दुसरा भारत ते म्युनिक. पहिल्या टप्प्याचे पैसे नवऱ्याने दिले. दुसऱ्याचे त्याच्याकडून कसे घ्यायचे? बायको परदेशी आहे हे फोन करणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. तिथे जायचे तिने ठरवले, तेव्हा दुसरा टप्पा तिच्या नावावर. तर्क चुकीचा नाही. चुकीचा होता तो दर, कारण गिऱ्हाईक विमानातून उतरल्यावर घासाघीस करू शकत नाही.

या दोन टप्प्यांतून चमत्कारिक गोष्टी घडतात. पॅरिसमध्ये दोन भारतीय प्रवासी चुकामूक होऊन शंभर पावलांवर उभे आहेत. एकाने दुसऱ्याच्या भारतातल्या नंबरवर फोन केला, तर तो पॅरिसहून भारतात येतो आणि भारतातून परत पॅरिसला जातो. पहिला परदेशातून भारतात फोन केल्याचे पैसे देतो, दुसरा परदेशात फोन घेतल्याचे.

त्याहून खोडकर प्रकार व्हॉइसमेलचा किंवा ‘फोन न उचलल्यास अमुक नंबरवर वळवा’ अशा सोयीचा. बाई फोन उचलत नाहीत. फोन तोवर म्युनिकला पोचलेला असतो. तिथून तो वळवलेल्या नंबरवर, म्हणजे पुन्हा भारतात धाडला जातो. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पैसे बाईंच्या नावावर लागू शकतात, आणि त्या तर एक शब्दही बोललेल्या नसतात. बिलात हे ओळखता येते. एकाच वेळेला एक आलेला फोन आणि एक भारतात केलेला फोन अशी जोडी दिसते. यावर उपाय निघण्याआधी घरीच करायचा. मोबाइलवर ##002# दाबून कॉलचे बटण दाबले की सर्व वळवलेले फोन रद्द होतात. मग न उचललेली रिंग नुसती वाजून थांबते आणि सहसा तिचे पैसे पडत नाहीत.

दराचा प्रश्न पहिल्यांदा खरा धसास लावला तो युरोपीय संघाने. तिथे दोन तास गाडी चालवली की देश बदलतो, त्यामुळे तक्रारी मोठ्या होत्या. २००७ च्या उन्हाळ्यात संघाने कमाल दर ठरवून दिला. रोमिंगमध्ये केलेल्या फोनला मिनिटाला ४९ सेंट, घेतलेल्या फोनला २४ सेंट, कर वेगळा. मग दरवर्षी कात्री लागत गेली. घेतलेल्या फोनचा दर २०१० मध्ये १५ सेंट आणि २०१४ मध्ये ५ सेंट झाला. २००९ पासून घेतलेला फोन सेकंदावर मोजण्याची सक्ती झाली, तर २०१० पासून व्हॉइसमेलवर कुणी निरोप ठेवला म्हणून प्रवाशाकडून पैसे घेणे बंद झाले. शेवटी १५ जून २०१७ पासून संघात घरचाच दर सगळीकडे लागू झाला. दहा वर्षांत २४ सेंटांचे शून्य झाले आणि कंपन्याही टिकून राहिल्या. दुसऱ्या टप्प्याचा खरा खर्च किती थोडा होता, हे यावरून दिसते.

पण या नियमाची मर्यादा आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. तो युरोपीय सिमकार्डाला लागू आहे, युरोपच्या भूमीला नाही. म्युनिकची मुलगी आईला घेऊन पॅरिसला गेली, तर मुलीला जर्मन सिमवर आलेला फोन जास्तीचा आकार न लागता मिळतो. शेजारी बसलेल्या आईच्या भारतीय सिमवर मात्र भारतातल्या कंपनीचाच दर लागतो.

हा दुसरा टप्पाच नाहीसा करणारी वाट दुसरीकडे तयार होत होती. १९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. दोन्हीकडे संगणक हवेत, साउंड कार्ड हवे, मायक्रोफोन हवा, आणि सुरुवातीला एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थांबायचे. भारतात असे बोलायला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारीही त्याच दिवशी संपली. संगणकावरून संगणकावर बोलता येऊ लागले, संगणकावरून परदेशातल्या फोनवरही. भारतातल्या साध्या फोनवर मात्र नाही. सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या मुलाशी मोठमोठ्याने बोलणारे आईवडील दिसू लागले ते त्या सुमारास. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले आणि आवाज स्वच्छ झाला. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले, पण तोवर तेच काम मोबाइलवरचे व्हॉट्सॲप करू लागले होते.

इंटरनेटचा कॉल स्वस्त का? कारण तिथे घरी थांबून राहिलेला नंबर नसतो. तुम्ही इंटरनेटला जोडले गेलात, की तुमचा सध्याचा पत्ता त्या सेवेला कळतो आणि आवाजाचे तुकडे थेट तिथवर येतात. दोघांनी आपापल्या इंटरनेटचे पैसे आधीच दिलेले असतात. मिनिटाचा हिशेब उरत नाही. बदल्यात दोघेही एकाच वेळी जोडलेले असावे लागतात. जोडणी कमजोर असली की शब्द गळतात, आवाज उशिरा पोचून दोघे एकदम बोलू लागतात. आणि सगळे देश ही वाट मोकळी ठेवत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या सेवांवरून बोलण्यास वर्षानुवर्षे निर्बंध राहिले, हे दुबईत नातेवाईक असलेल्यांना ठाऊक आहे.

आता साताऱ्याच्या जोडप्याचा हिशेब मांडू. दर कंपनीगणिक बदलतो, म्हणून हिशेबापुरता घेतलेल्या फोनचा दर मिनिटाला ५० रुपये धरू. रोज वीस मिनिटे म्हणजे १००० रुपये. सहा आठवडे, ४२ दिवस, म्हणजे ४२ हजार रुपये. तेच बोलणे मुलीच्या घरच्या वायफायवरून इंटरनेटने केले, तर मिनिटाला फार तर एक एमबी धरून रोजचे २० आणि एकूण ८४० एमबी होतात. जास्तीचा खर्च शून्य. चेहरा पाहत बोलायचे तर डेटा कित्येक पट लागतो, पण वायफायवर त्याचेही वेगळे पैसे नाहीत.

घोटाळा होतो तो घराबाहेर. बाई बसमध्ये आहेत, वायफाय नाही, आणि भारतीय सिमचा डेटा चालू राहिला आहे. पॅक नसेल तर तोच फुकटचा कॉल सगळ्यात महाग पडू शकतो. म्हणून सेटिंगमधले डेटा रोमिंग बंद ठेवावे. पॅक घेतलाच, तर त्यात आलेले फोन मोफत आहेत की मिनिटे मोजली जातात, हे आधी विचारावे. काही फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ असते. त्यावरही फोन नेहमीच्या नंबरवरच येतो, तेव्हा परदेशात तो कोणत्या दराने लागतो तेही विचारावे.

मग सिम बंदच का करू नये? बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो म्हणून. रोमिंगमध्ये आलेला एसएमएस सहसा फुकट असतो. सिम चालू ठेवायचे, फोन मात्र उचलायचा नाही, ही तारेवरची कसरत आहे, आणि ती एका गोष्टीपाशी कठीण होते. पडद्यावर नवऱ्याचे नाव दिसते. ॲप सोडून त्याने साधा फोन का केला? सवयीने, की काही झाले म्हणून? तेव्हा पैशाकडे पाहून रिंग वाजू देणे सोपे नसते.

यावर आपल्या घरांनी जुन्या काळातच तोडगा काढला होता. डायल-अपच्या दिवसांत इंटरनेट जोडले की घरचा फोन अडकून बसे. म्हणून परदेशातला मुलगा आधी घरी एक रिंग देऊन फोन ठेवी, आणि मग इकडे संगणक सुरू होई. निघण्याआधी घरात तेच ठरवून ठेवावे. एक रिंग म्हणजे इंटरनेटवर ये. लागोपाठ दुसऱ्यांदा फोन वाजला, तर मात्र दर विसरायचा आणि उचलायचा.