यूट्यूबवरच्या कमेंट्समधले भामटे कसे अडवायचे? 'ब्लॉक्ड वर्ड्स'ची यादी मराठीत करताना

समजा, म्युच्युअल फंडांची माहिती देणारं एक मराठी यूट्यूब चॅनल आहे. नव्या व्हिडिओखाली एक प्रेक्षक विचारतो, "एसआयपी मध्येच थांबवली तर दंड लागतो का?" तासाभरात त्याला उत्तर येतं. वर चॅनलचंच नाव, शेजारी चॅनलचाच फोटो आणि मजकूर असा: "छान प्रश्न! सविस्तर माहितीसाठी व्हॉट्सॲप करा." पुढे एक नंबर. प्रेक्षकाला वाटतं, चॅनलवाल्या दादांनी स्वतः उत्तर दिलं. तो मेसेज करतो आणि फसवणूक सुरू होते ती तिथे, यूट्यूबच्या बाहेर.

खरं-खोटं ओळखण्याची एक खूण आहे. चॅनलच्या मालकानं स्वतःच्या व्हिडिओखाली कमेंट केली की त्याच्या नावामागे रंगीत पट्टी दिसते. तोतयाच्या नावाला ती नसते. शिवाय 2022 पासून यूट्यूबनं प्रत्येक चॅनलला @ ने सुरू होणारं वेगळं हँडल दिलं. एक हँडल दोघांना मिळत नाही, म्हणून भामटे शेवटी एखादा आकडा किंवा अंडरस्कोर जोडतात. घाईत वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

अशी कमेंट दिसली की बहुतेक चॅनलवाले ती डिलीट करतात किंवा Hide user from channel हा पर्याय वापरतात. दुसरा उपाय बरा, कारण त्या खात्याच्या कमेंट्स पुढेही दिसत नाहीत आणि त्याला तसं कळवलंही जात नाही. पण भामट्याला नवं खातं उघडायला कितीसा वेळ लागतो? म्हणून माणसाऐवजी मजकूर अडवावा लागतो.

त्यासाठी कॉम्प्युटरवर studio.youtube.com उघडायचं, Settings मध्ये जायचं आणि Community विभागात Blocked words ही चौकट शोधायची. इथे शब्द स्वल्पविराम देऊन लिहितात. यादीतल्या शब्दांशी जवळून जुळणारी कमेंट प्रसिद्ध न होता तपासणीसाठी बाजूला पडते आणि 60 दिवसांपर्यंत तिथे राहते. त्या काळात ती मंजूर करता येते किंवा काढून टाकता येते. लाइव्ह चॅटमध्ये मात्र असा मेसेज थेट अडवला जातो. त्याच भागात Block links हा पर्याय आहे. तो सुरू केला की लिंक असलेल्या कमेंट्सही तपासणीला जातात. चॅनलवर गाण्यांच्या किंवा बातम्यांच्या लिंक्स देणारे प्रेक्षक फार नसतील, तर तो सुरू करायला हरकत नाही.

आता यादीत काय घालायचं? नवखा माणूस आधी फोन नंबर घालतो. त्याचा उपयोग एक दिवसापुरता, कारण नंबर बदलतो. आकडे कधी देवनागरीत येतात, कधी इमोजीच्या चौकोनात, कधी मध्ये टिंबं टाकून. भामट्याला बदलता येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: त्याला प्रेक्षकाला यूट्यूबवरून दुसरीकडे न्यायचंच असतं. म्हणजे त्या दुसऱ्या जागेचं नाव किंवा तिकडे येण्याचं बोलावणं कुठल्या तरी रूपात लिहावंच लागतं. यादी त्यावर बेतायची.

```
whatsapp, whats app, watsapp, व्हॉट्सॲप, व्हाट्सएप, वॉट्सअप, telegram, टेलिग्राम, text me, मेसेज करा
```

मराठीची खरी अडचण इथे सुरू होते. 'व्हॉट्सॲप' मधला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड तो एकच अक्षर म्हणून लिहितात, तर काही 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवतात. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगवेगळे असू शकतात. 'जवळून जुळणारी' म्हणजे नेमकी किती जवळून, हे यूट्यूब सांगत नाही. त्यामुळे शब्द यादीत आहे आणि तरी कमेंट आत आली, असं घडलं तर चकित व्हायला नको. इंग्रजीतही हीच युक्ती चालते: whatsapp मधला a काढून तसाच दिसणारा रशियन लिपीतला अक्षरछाप बसवतात. यावर साधा उपाय म्हणजे शब्द स्वतः टाइप न करता, सुटून आलेल्या कमेंटमधूनच कॉपी करून यादीत चिकटवणं.

शिव्यांच्या बाबतीत दुसरीच गोष्ट आड येते. मराठी शब्द प्रत्ययांनी बदलतो. 'गाढव' लिहिलं तरी 'गाढवा', 'गाढवांनो', 'गाढवाच्या' ही रूपं सुटू शकतात, आणि रोमनमध्ये gadhav, gaadhav, gadhva अशी आणखी तीन तरी होतात. म्हणून ज्या रूपात शिवी प्रत्यक्ष येते तेच रूप घालावं. शिवी बहुधा हाक मारूनच दिली जाते, त्यामुळे संबोधनाची रूपं आधी.

शब्द छोटा केला की सगळी रूपं अडतील, असं वाटतं. पण छोटा शब्द निरपराधांनाही धरतो. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीच्या सेवेत नोंदणी करता येईना, कारण त्या गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. प्राण्यांवरच्या चॅनलनं 'कुत्रा' अडवला तर अडकतील ते बहुतेक प्रेमानं लिहिणारेच. म्हणून यादी वाढवल्यावर पहिले काही दिवस तपासणीतल्या कमेंट्स रोज बघाव्यात. एकाच शब्दामुळे चांगल्या कमेंट्स सारख्या अडकत असतील, तर तो शब्द काढावा. नेहमीच्या भरवशाच्या प्रेक्षकांना Approved users मध्ये घातलं तर त्यांच्या कमेंट्स यादीत अडकत नाहीत.

यादी चालते का, हे मालकाच्या खात्यावरून कळत नाही, कारण त्याला ती लागूच होत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून चाचणीची कमेंट टाकायची आणि लॉग-आउट केलेल्या ब्राउझरमध्ये ती दिसते का ते पाहायचं.

एका प्रकारापुढे मात्र ही यादी थिटी पडते. एक जण लिहितो, "बाजार पडला, काय करावं कळेना." दुसरा सांगतो, "मी अमुक मॅडमच्या सल्ल्यानं चालतो." तिसरा म्हणतो, "अरे, मीही त्यांच्याकडेच!" लिंक नाही, नंबर नाही, शिवी नाही. तिन्ही खाती एकाच टोळीची असतात आणि मॅडमचं नाव गुगलवर शोधलं की सापळा म्हणून बनवलेली वेबसाइट समोर येते. इथे पकडण्यासारखा शब्द एकच, ते नाव. दिसताक्षणी ते यादीत घालायचं आणि Studio च्या Comments पानावर तेच शोधून आधीच्या कमेंट्स काढायच्या. सगळे प्रतिसाद उघडून पाहिल्याशिवाय अशी साखळी लक्षात येत नाही.

धमकीची कमेंट असेल तर डिलीट करण्याची घाई नको. कमेंटच्या नावाशेजारी वेळ दिलेली असते, तिच्यावर क्लिक केलं की त्या कमेंटची स्वतंत्र लिंक मिळते. ती लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि मग रिपोर्ट करावं. एखाद्या प्रेक्षकाचे पैसे गेलेच, तर त्यानं लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते रोखता यावेत, यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात. तक्रारीत तोतयाचं हँडल जसंच्या तसं, अंडरस्कोरसकट लिहावं.