म्हण : संभाषणातील कार्य

म्हण हे पूर्ण वाक्य असते, पण समोरच्या प्रसंगातले कोणीही त्यात नसते. वाक्प्रचार वाक्यात मिसळून काळ-पुरुषानुसार बदलतो. म्हण ठरलेल्या रूपातच उच्चारली जाते.

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकताना तुटली आणि थापणाऱ्या सुनेने पिठाला दोष दिला, असा प्रसंग घेता येईल. सासू ‘तुला भाकरी थापता येत नाही’ असे म्हणू शकते किंवा ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे. पहिले वाक्य सुनेच्या कौशल्याविषयी आहे. ‘काल तर जमली होती’ एवढे सांगून ते खोडता येते. म्हणीचा रोख मात्र भाकरी तुटण्यापेक्षा सबब सांगण्यावर आहे. तिच्यात नाचणारीचे नाव नाही, आणि ‘अंगण वाकडे’ हे नाचणारीचेच शब्द ‘असे ती म्हणते’ हा दुवा न जोडता आले आहेत. त्यामुळे सुनेला स्वतःचीच सबब परक्या तोंडून ऐकू येते. नाचणारी म्हणजे आपण आणि अंगण म्हणजे पीठ, हा मेळ तिला स्वतःच घालावा लागतो. तो घातला की टीका समजते.

हा मेळ बोलणाऱ्याने उघड केलेला नसल्याने त्याला माघार घेण्याची वाट राहते. ‘मी तुला कुठे म्हटले?’ असे सासू म्हणू शकते. टीका एकीला उद्देशून आणि रोख दुसरीकडे, या रीतीसाठी ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हणच आहे. शिवाय ‘म्हणतात ना’ ही जोड दिली की निवाडा बोलणाऱ्याचा एकट्याचा न राहता जुन्याजाणत्यांचा ठरतो. म्हणूनच वडीलधाऱ्यांच्या तोंडी म्हण सहज खपते. धाकट्याने तीच थोरांवर रोखली तर तो उद्धटपणा समजला जातो. ‘राग मानू नका, पण’ अशी सुरुवात त्याला करावी लागते.

परिचित म्हण बरेचदा अर्धीच बोलली जाते. ‘नाचता येईना...’ एवढ्यावर थांबले तरी उरलेला भाग ऐकणारा मनात पुरा करतो. ज्याला म्हण ठाऊक नाही त्याला मात्र वाक्य तुटके वाटते आणि टीकाही पोहोचत नाही.

म्हण सहसा खोटी ठरत नाही, ती चुकीच्या जागी वापरली जाते. ज्वारीचे पीठ दळून बरेच दिवस झाले की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा कमी होतो, आणि सराईत हाताची भाकरीही तुटते. अशा वेळी सुनेने सांगितलेले कारण खरे असते आणि म्हण तिच्यावर अन्याय करते. साध्या विधानाला पुराव्याने उत्तर देता येते. म्हणीला उत्तर द्यायचे तर ती या प्रसंगाला लागू नाही, हे दाखवावे लागते; इथे ताज्या पिठाची भाकरी थापून ते दाखवता येते.