पुढची गाडी किती लांब? एका खुणेचा मागोवा

अलीकडच्या बऱ्याच मोटारींच्या डॅशबोर्डावर एक छोटी खूण उजळते: पाठमोरी मोटार, तिच्यामागे रस्त्यावर आडव्या दोन-चार पट्ट्या आणि शेजारी ठरवून दिलेला वेग. स्टिअरिंगवरचे बटण दाबले की पट्ट्या कमी-जास्त होतात. पट्टी म्हणजे ठरावीक मीटर, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती सेकंदांत मोजलेली असते, आणि या मोजमापाचा इतिहास रडारयुक्त मोटारीहून बराच जुना आहे.

तो शोधत आपण 1953 मध्ये जाऊ. लुई पाइप्स या अभियंत्याने वाहतुकीचे गणित मांडताना कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतला एक साधा नियम आधाराला घेतला: वेगाच्या दर 10 मैलांमागे एका मोटारीच्या लांबीइतके अंतर राखावे. मोटारीची लांबी 15 फूट धरून हिशेब केला, तर वेग कोणताही असो, उत्तर जवळपास एक सेकंदच येते. जर्मन चालकांचा नियम याहून सावध. वेगमापकावर जो आकडा असेल त्याच्या निम्मे मीटर अंतर ठेवायचे. म्हणजे ताशी 100 किलोमीटरला 50 मीटर. याचाही वेळ काढला तर तो नेहमी 1.8 सेकंद भरतो. आजच्या पट्ट्या याच दोन नियमांच्या आसपास घोटाळतात. सर्वांत जवळची पट्टी साधारण एक सेकंदाची असते आणि लांबची दोन सेकंदांची किंवा थोडी अधिक. म्हणूनच एकाच पट्टीवर ताशी 40 ला पुढची गाडी जवळ दिसते आणि 100 ला लांब. यंत्रणेने मनाने काही बदललेले नसते.

वेग आपोआप राखण्याची कल्पना मात्र वेगळ्याच घरातून आली. इंडियाना राज्यातले राल्फ टीटर लहानपणीच दृष्टी गमावलेले अभियंता होते. त्यांचे वकील गाडी चालवता चालवता बोलत आणि बोलण्याच्या भरात वेग सारखा कमी-जास्त करत. ते हेलकावे असह्य होऊन टीटर यांनी वेग स्थिर राखणारी जोडणी तयार केली. तिचे पेटंट 1950 मध्ये मिळाले आणि 1958 च्या क्रायस्लर मोटारींत ती बाजारात आली. ती स्वतः गाडी न चालवणाऱ्या माणसाने घडवली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. पण त्या जोडणीला पुढचे काहीच दिसत नव्हते.

दिसण्याची सोय आधीच शोधली गेली होती, फक्त ती विसरली गेली होती. मे 1904 मध्ये कोलोनला ऱ्हाइन नदीवरच्या पुलावर ख्रिस्तियान हुल्समायर यांनी आपले यंत्र मांडले. नदीतल्या बोटीवर आपटून विद्युतलहरी परत आल्या की यंत्रातली घंटा वाजे. बोट कोणत्या दिशेला आहे हे कळे. किती लांब, ते मात्र हे यंत्र थेट सांगू शकत नसे. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि यंत्र मागे पडले. त्याच्याही आधी, 1895 च्या सुमारास, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग करत होते. आजच्या मोटारीतले रडार बोसांच्या त्याच टापूतले आहे: वारंवारता 77 गिगाहर्ट्‌झ, लहरीची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर.

इतकी बारीक लहर कशासाठी? झोत अरुंद हवा, तर अँटेना लहरीच्या कितीतरी पट रुंद असावी लागते. 4 मिलिमीटरच्या लहरीला दोन-तीन अंशांचा झोत देण्यासाठी तळहाताएवढी, सुमारे 10 सेंटिमीटरची अँटेना पुरते आणि ती बऱ्याचदा कंपनीच्या बोधचिन्हामागे लपते. लहर अर्धा मीटर असती, तर तेवढ्याच झोतासाठी बारा-तेरा मीटरची अँटेना लागली असती. मोटारीला परवडणारा सौदा हाच होता, आणि पावसातली अडचण याच सौद्यात दडलेली आहे.

गंमत अशी की, रडारकडे वळण्याचे एक कारण पाऊस हेच होते. 1992 मध्ये मित्सुबिशीने जपानात अंतराचा इशारा देणारी मोटार आणली आणि 1995 मध्ये वेगही कमी करणारी. या दोन्ही मोटारी लेझरवर चालत. लेझरचा प्रकाश पावसात आणि धुक्यात पटकन विखुरतो. 1999 मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये 77 गिगाहर्ट्‌झचे रडार आले. ते अंधाराला आणि धुक्याला पुरून उरले. पावसाला मात्र अर्धेच.

अर्धेच कसे, ते पाहू. ताशी 100 मिलिमीटरचा धुवाधार पाऊस आहे आणि पुढची गाडी 100 मीटरवर आहे. जाऊन-येऊन 200 मीटरच्या प्रवासात परतणारी शक्ती साधारण एक चतुर्थांश उरते. एवढ्याने पल्ला घटतो, पण यंत्रणा आंधळी होत नाही. खरे नुकसान बोधचिन्हावर साचणाऱ्या पाण्याच्या पातळ थराने होते, कारण पाणी या लहरी शोषते आणि लहरीला तो थर दोनदा ओलांडावा लागतो. त्यात पुढच्या ट्रकच्या चाकांमागून उडणारा फवारा असतो. शिवाय मोठे थेंब लहरीच्याच मापाचे असल्याने ते स्वतःचाही प्रतिध्वनी परत पाठवतात. आपल्यावर काही साचले आहे हे रडारला प्रत्यक्ष दिसत नाही. अपेक्षित प्रतिध्वनी, म्हणजे कठडे, खांब, इतर गाड्या यांचे, काही काळ येईनासे झाले की ते स्वतःला झाकले गेल्याचे समजते आणि पडद्यावर `Radar blocked` असा संदेश येतो. म्हणूनच कधी कोरड्या, उघड्या माळरानावरही हा संदेश दिसू शकतो. तिथे झाकलेले काही नसते, फक्त प्रतिध्वनी देणारे काही नसते.

वळणाची गोष्ट वेगळी आणि अधिक सावधगिरीची आहे. घाटात 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 40 ने आपण चाललो आहोत आणि अंतर दोन सेकंदांचे, म्हणजे 22 मीटर आहे, असे धरा. पुढची गाडी आपल्या नाकासमोरून सुमारे 13 अंश बाजूला असते. पहिल्या पिढीच्या रडारचा झोत दोन्ही बाजूंना जेमतेम 5 अंश होता. पुढे जवळच्या पल्ल्याचा झोत रुंद झाला. पण दुसरा प्रश्न उरलाच. गाडी किती वळते आहे त्यावरून यंत्रणा पुढचा मार्ग आखते, आणि वळण सुरू होईपर्यंत तिला ते ठाऊकच नसते. त्या क्षणी शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या पुढे आहे असे समजून ती उगाच ब्रेक लावते, किंवा खरी पुढची गाडी निसटून पट्ट्यांवरची मोटार पुसली जाते. ISO 15622 या मानकाची पहिली आवृत्ती 2002 मध्ये निघाली. त्यात यंत्रणांचे वर्ग वळणाच्या त्रिज्येवरून पाडले आहेत: 500, 250 आणि 125 मीटर. आपले 50 मीटरचे वळण यांपैकी एकाही वर्गात बसत नाही.

पावसात यंत्रणा सांगून बंद पडते. वळणात ती बंद पडलेली नसतेच. समोरची गाडी हरवली की रस्ता मोकळा आहे असे धरून ती ठरवून दिलेल्या वेगाकडे, समजा 80 कडे, झेप घेऊ शकते. काही मोटारी वळणात ही झेप आवरतात, सगळ्या नाही. त्यामुळे खुणेतली पाठमोरी मोटार दिसेनाशी झाली की पाय ब्रेकवर हवा.

2021 मध्ये आलेल्या, चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांनी ही खूण आपल्या घाटांत आणि आपल्या पावसाळ्यात आणून सोडली. तेव्हा खंडाळ्याची चढण लागण्याआधी क्रूझ स्वतःच बंद करा, थांबलात की पुढचे बोधचिन्ह कापडाने पुसा, आणि दसऱ्याचा झेंडूचा हार किंवा लिंबू-मिरची नेमकी त्याच्यावर टांगू नका.